चार पदांतला मनोरा

१९७३ साली ‘केमिकल इंजिनिअरिंग सायन्स’ या नियतकालिकात आर. के. वुड आणि एम. डब्ल्यू. बेरी यांचा एक लेख छापून आला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मिथेनॉल आणि पाणी वेगळे करणारा प्रायोगिक आकाराचा एक डिस्टिलेशन कॉलम होता. त्याच्या माथ्याचे आणि तळाचे मिश्रण एकाच वेळी ताब्यात कसे ठेवायचे, हा लेखाचा विषय. त्या कॉलमचे वर्णन म्हणून त्यांनी जे समीकरण दिले, ते आज जगभरच्या प्रक्रिया-नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकांत सापडते. बहुतेक विद्यार्थी ते उदाहरण म्हणून सोडवतात आणि पुढच्या पानाकडे जातात. माझ्या मते ते सावकाश, पदापदाशी थांबून वाचण्याच्या योग्यतेचे आहे. एका मनोऱ्याचा सगळा स्वभाव त्यात इतक्या थोडक्यात उतरला आहे, की ते लक्षपूर्वक वाचणाऱ्याला कॉलमच्या अंगातली वाफ आणि ओघळणारा द्रव दोन्ही दिसू लागतात.

आधी रंगमंच सांगतो. मनोऱ्यात मधल्या एका ट्रेवर फीड येते. तळाच्या रीबॉयलरला स्टीम दिली की मिश्रणाची वाफ उठते आणि वर चढते. माथ्यावरच्या कंडेन्सरमध्ये ती थंड होऊन द्रव होते. त्या द्रवाचा एक भाग माल म्हणून बाहेर जातो आणि उरलेला रिफ्लक्स म्हणून पुन्हा मनोऱ्यात सोडला जातो. चढती वाफ आणि उतरता द्रव प्रत्येक ट्रेवर भेटतात. त्या भेटीत हलके मिथेनॉल वर सरकते आणि जड पाणी खाली. वुड-बेरींच्या कॉलममध्ये माथ्यावर सुमारे ९६ टक्के मिथेनॉल मिळत होते आणि तळाच्या पाण्यात जेमतेम अर्धा टक्का उरत होते. ऑपरेटरच्या हाती दोन गोष्टी होत्या: रिफ्लक्स, मिनिटाला सुमारे १.९५ पौंड, आणि स्टीम, मिनिटाला सुमारे १.७१ पौंड. रिफ्लक्सने माथा सांभाळायचा आणि स्टीमने तळ. दोन कंट्रोलर, दोन लूप.

आता मूळ संहिता. `y1` म्हणजे माथ्यावरच्या मिथेनॉलच्या टक्केवारीतला फरक, `y2` म्हणजे तळाच्या टक्केवारीतला. `R` रिफ्लक्स, `S` स्टीम. वेळ मिनिटांत.

```
y1 = 12.8 e^(-s)/(16.7s+1) · R  −  18.9 e^(-3s)/(21.0s+1) · S
y2 =  6.6 e^(-7s)/(10.9s+1) · R  −  19.4 e^(-3s)/(14.4s+1) · S
```

प्रत्येक पदात तीन आकडे आहेत. वरचा आकडा म्हणजे गेन: हातातली गोष्ट मिनिटाला एक पौंडाने हलवली तर शेवटी टक्केवारी कितीने हलेल, हे तो सांगतो. घातांकातला आकडा म्हणजे डेड टाइम, अर्थात काहीच न घडता जाणारी मिनिटे. छेदातला आकडा म्हणजे परिणाम सुरू झाल्यावर तो किती संथपणे पसरतो त्याचे माप.

गेनपेक्षा डेड टाइम आधी वाचावा, कारण मनोऱ्याचे शरीर तिथे दिसते. रिफ्लक्सचा परिणाम माथ्यावर एका मिनिटात जाणवू लागतो, कारण तो माथ्यावरच ओतला जातो. तोच परिणाम तळाला पोचायला सात मिनिटे घेतो. द्रवाला प्रत्येक ट्रेवर साचून, बांधावरून ओसंडून, मगच खालच्या ट्रेवर उतरता येते. प्रत्येक ट्रे त्याला थोडा वेळ अडवतो. स्टीमची गोष्ट वेगळी आहे. तिचा परिणाम तळाला तीन मिनिटांत कळतो आणि माथ्यालाही तीनच मिनिटांत. वाफ कुठेही साचून थांबत नाही, ती सगळा मनोरा जवळपास एकदमच गाठते. `e^(-7s)` आणि `e^(-3s)` ही दोन पदे शेजारी ठेवली की एकीकडे थबकत उतरणारा द्रव आणि दुसरीकडे थेट वर जाणारी वाफ अशी दोन वेगळी जगे उभी राहतात. मोजमापाला लागणारा वेळही या मिनिटांत मिसळलेला आहे. तरीही सात आणि तीन यांतला हा फरक प्रवाहांच्या स्वभावातूनच आलेला आहे.

मग गेन. माथ्याच्या ओळीत नजर अडते ती १८.९ वर. स्टीमचा माथ्यावरचा परिणाम रिफ्लक्सच्या १२.८ पेक्षा मोठा आहे. म्हणजे माथा ज्याच्या ताब्यात दिला आहे, त्याच्यापेक्षा तळाचा पहारेकरी माथ्याला अधिक जोरात हलवू शकतो. चिन्हे उलटी आहेत आणि तेही बरोबर आहे: रिफ्लक्स वाढला की माथा शुद्ध होतो, स्टीम वाढली की जास्त वाफेबरोबर पाणीही वर ओढले जाते आणि माथा अशुद्ध होतो. तळाच्या ओळीत मात्र स्टीमचा १९.४ हा रिफ्लक्सच्या ६.६ च्या जवळपास तिप्पट आहे. तळ तुलनेने स्वतंत्र आहे, माथा परावलंबी. 

आता दोन्ही लूप ऑटोवर टाकू आणि एक छोटा बदल शेवटपर्यंत पाहू. माथ्याची शुद्धता १.२८ टक्क्यांनी वाढवायची आहे असे धरा. एवढी मोठी वाढ प्रत्यक्षात कोणी मागणार नाही, पण आकडे सोपे राहतात. तळाचा लूप मॅन्युअलवर असता तर रिफ्लक्स ०.१ पौंडाने वाढवून काम झाले असते: १२.८ गुणिले ०.१. पण तोच वाढलेला रिफ्लक्स सात मिनिटांनी तळाला पोचतो आणि तिथले मिथेनॉल ०.६६ टक्क्यांनी वाढवतो. तळाचा कंट्रोलर ते खपवून घेत नाही आणि स्टीम ०.०३४ पौंडाने वाढवतो. ती वाढीव स्टीम वर जाते आणि माथ्याची शुद्धता ०.६४ टक्क्यांनी पाडते. मिळालेल्या १.२८ पैकी निम्मे गेले. माथ्याचा कंट्रोलर तूट भरून काढायला रिफ्लक्स आणखी ०.०५ ने वाढवतो, त्यातलेही निम्मे जाते, मग ०.०२५, मग त्याचे निम्मे. शेवटी रिफ्लक्स ०.१ ऐवजी ०.२ ने वाढलेला असतो.

प्रत्येक फेरीत उरणारा हिस्सा म्हणजे १८.९ गुणिले ६.६ भागिले १२.८ गुणिले १९.४, अर्थात ०.५०२. या भूमिती श्रेणीची बेरीज २.०१ येते. फॉक्सबरो कंपनीतले एडगर ब्रिस्टॉल यांनी १९६६ साली परस्परबाधेचे जे माप मांडले, ज्याला रिलेटिव्ह गेन म्हणतात, ते या कॉलमसाठी नेमके हेच आहे: २.०१. पुस्तकात ते मॅट्रिक्सच्या व्यस्तातून काढलेले असते आणि कोरडे वाटते. पण त्यामागे वर-खाली फिरणारी ही तक्रार आहे, आणि दोन कंट्रोलर एकमेकांना किती वेळा उत्तर देतील याचा हिशेब आहे. जोड्या उलट लावल्या, म्हणजे स्टीमने माथा आणि रिफ्लक्सने तळ सांभाळायचे ठरवले, तर हे माप उणे १.०१ येते. उणे चिन्हाचा अर्थ असा, की दुसरा लूप ऑटोवरून मॅन्युअलवर गेल्याबरोबर पहिल्याच्या हातातल्या गोष्टीचा परिणाम उलट दिशेने होऊ लागेल. माथ्यावर स्टीमचा जोर १८.९ आहे म्हणून तिला माथा देण्याचा मोह होतो. हे उणे चिन्ह तो मोह थांबवते.

प्रत्यक्ष प्लँटमध्ये ही परस्परबाधा ओळखू येते ती लूप ट्यून करताना. तळाचा लूप मॅन्युअलवर ठेवून माथ्याचा कंट्रोलर छान बसवला, की तळाला ऑटोवर टाकताच माथा सुस्त होतो, कारण त्याचा गेन १२.८ वरून ६.४ वर आलेला असतो. उलटही घडते. दोन्ही ऑटोवर असताना माथा चुणचुणीत बसवला आणि मग एखाद्या रात्री तळाचा अ‍ॅनालायझर बिघडून तो लूप मॅन्युअलवर गेला, तर माथ्याचा गेन एकाएकी दुप्पट होतो आणि ट्रेंडवर लाटा उठू लागतात. ऑपरेटरला वाटते माथ्याच्या लूपमध्ये काही बिघडले. बिघाड खाली असतो.

डीकपलिंगची कल्पना यावर उत्तर म्हणून येते, आणि ती सोपी आहे. माथ्याचा कंट्रोलर रिफ्लक्स हलवतो तेव्हा त्या हालचालीचा तळावर काय परिणाम होणार, हे समीकरणातून आधीच ठाऊक आहे. मग तळाने तक्रार करायची वाट का पाहायची? रिफ्लक्सबरोबरच स्टीमही तेवढीच हलवावी, की तळाला काही जाणवणारच नाही. तसेच उलट दिशेने. विल्यम लायबेन यांनी १९७० साली ‘ए.आय.सी.एच.ई. जर्नल’मध्ये डिस्टिलेशनसाठी याच्या दोन रीती तपासल्या होत्या. त्यांतली साधी रीत वुड-बेरींच्या चार पदांवर लावली, की अशा दोन ओळी मिळतात:

```
D12 = 1.477 (16.7s+1) e^(-2s)/(21.0s+1)     (S → R)
D21 = 0.340 (14.4s+1) e^(-4s)/(10.9s+1)     (R → S)
```

पहिली सांगते: स्टीम एक पौंडाने वाढली तर रिफ्लक्स १.४७७ पौंडांनी वाढवा, पण दोन मिनिटे थांबून. दुसरी सांगते: रिफ्लक्स एक पौंडाने वाढला तर स्टीम ०.३४ पौंडाने वाढवा, चार मिनिटे थांबून.

मला या कॉलममध्ये सर्वांत सुंदर वाटते ते हे थांबणे. डीकपलर काढताना बाधेचा डेड टाइम उणे उपायाचा डेड टाइम असे करावे लागते. स्टीम माथ्याला तीन मिनिटांनी छेडते, रिफ्लक्स माथ्याला एका मिनिटात पोचतो, म्हणून दोन मिनिटे थांबायचे. रिफ्लक्स तळाला सात मिनिटांनी छेडतो, स्टीम तीन मिनिटांत पोचते, म्हणून चार मिनिटे थांबायचे. दोन्ही वजाबाक्या धन आल्या. त्या ऋण आल्या असत्या तर उपायाला बाधेच्या आधी निघावे लागले असते, म्हणजे अजून न घडलेली हालचाल आधीच ठाऊक असावी लागली असती, आणि कोणताही कंट्रोलर ते करू शकत नाही. इथे ते शक्य होते, कारण प्रत्येक टोकाला सांभाळणारा त्या टोकाच्या जवळ उभा आहे आणि छेडणारा दूर. रिफ्लक्सकडे माथा आणि स्टीमकडे तळ ही जोडी जुळवणारे दुसरे कारण इथे सापडते, आणि ते ब्रिस्टॉलच्या मापात नाही. ते माप स्थिरावलेल्या गेनपुरते आहे, त्याला मिनिटे दिसत नाहीत.

छेदांतल्या आकड्यांचेही काही सांगणे आहे. पहिल्या ओळीत रिफ्लक्सने दोन मिनिटांनी एकदम पूर्ण उडी मारायची नाही. आधी सुमारे ऐंशी टक्के जायचे आणि मग उरलेले हळूहळू भरायचे, कारण स्टीमचा माथ्यावरचा परिणाम संथ आहे, २१ मिनिटांचा. दुसऱ्या ओळीत उलट: रिफ्लक्सचा परिणाम तळाला उशिरा पोचतो, पण पोचल्यावर १०.९ मिनिटांच्या झपाट्याने पसरतो. स्टीमचा स्वतःचा वेग १४.४ मिनिटांचा. म्हणून स्टीमला सुरुवातीला एक-तृतीयांश जादा उडी मारून मग मागे यावे लागते. चार पदे इतकी बारीक सूचना देतात.

किंमत मात्र आहे. दोन्ही डीकपलर बसवले की माथ्याच्या कंट्रोलरला दिसणारा गेन ६.३७ होतो आणि तळाच्या कंट्रोलरला ९.६५. दोघांच्याही हातातली निम्मी ताकद शेजाऱ्याला शांत ठेवण्यात जाते. हा तोच दोनने भागाकार, फक्त आता तो फेऱ्या मारून येत नाही, पहिल्याच पावलात मोजून दिलेला असतो. लूप ट्यून करायला सोपे होतात, शेजाऱ्याच्या चढउतारांनी हलत नाहीत, पण वाढीव जोर कुठूनही मिळत नाही.

यापुढे मी वुड-बेरींच्याच लेखातल्या दुसऱ्या जोडओळीकडे वळतो. पाठ्यपुस्तकांत ती अनेकदा गाळलेली असते, आणि ती गाळणे मला मोठे नुकसान वाटते. मिनिटाला सुमारे २.४५ पौंड येणारे फीड बदलले तर काय होईल, हे ती सांगते:

```
y1:  + 3.8 e^(-8.1s)/(14.9s+1) · F
y2:  + 4.9 e^(-3.4s)/(13.2s+1) · F
```

प्लँटमध्ये माथ्याचा सेट पॉइंट क्वचितच हलतो. फीड मात्र सतत हलते. म्हणून डीकपलिंगची खरी परीक्षा इथे आहे.

फीड ०.१ पौंडाने, म्हणजे चार टक्क्यांनी वाढले असे धरू. ३.४ मिनिटांनी तळाला कळते आणि तिथले मिथेनॉल अर्ध्या टक्क्यावरून जवळपास एक टक्क्याकडे निघते. तळाचा कंट्रोलर लगेच स्टीम वाढवू लागला असे मानले, तर त्या स्टीमचा परिणाम माथ्यावर तीन मिनिटांनी, म्हणजे एकूण ६.४ व्या मिनिटाला सुरू होतो. फीडचा स्वतःचा परिणाम माथ्याला ८.१ मिनिटांनी पोचतो. मधली पावणेदोन मिनिटे माथा अशा गडबडीला तोंड देत असतो, जिचे मूळ कारण त्याच्यापर्यंत अजून आलेलेच नाही. त्याला फक्त खालच्या शेजाऱ्याचा उपाय जाणवतो, आणि तो शुद्धता पाडतो. डीकपलर बसवला तर हे टळते: रिफ्लक्स ५.४ व्या मिनिटाला हलतो, ६.४ व्या मिनिटाला माथ्याला लागतो, आणि स्टीम व रिफ्लक्स एकाच क्षणी येऊन एकमेकांना खोडून टाकतात. कागदावर हा क्षण फार देखणा आहे.

पण आठ मिनिटांनंतर काय होते तेही पाहायला हवे. फीडने माथ्याची शुद्धता शेवटी ०.३८ टक्क्याने वाढणार आहे. तळाला स्वतःपुरता हिशेब सावरायला स्टीम ०.०२५ पौंडाने वाढवावी लागते, आणि ती स्टीम माथा ०.४८ टक्क्याने पाडते. दोन्ही परिणाम उलट दिशेचे आहेत. ते एकमेकांत जिरले तर माथ्यावर फक्त ०.१० टक्क्याची तूट उरते. म्हणजे फीडच्या बाबतीत स्टीमची जी लुडबूड आपण बाधा म्हणून काढायला निघालो होतो, ती माथ्याचे तीन-चतुर्थांश काम फुकट करून देत होती. `D12` बसवला की ही मदत पुसली जाते. मग माथ्याच्या कंट्रोलरला संपूर्ण ०.३८ टक्क्याशी एकट्याने लढावे लागते.

रिफ्लक्सच्या प्रवासातही हे दिसते. माथा एकटा असता तर त्याने रिफ्लक्स ०.०३० पौंडाने कमी केला असता. पण दोन्ही टोके जागेवर यायची असतील, तर शेवटी रिफ्लक्स ०.०१५ ने वाढायला हवा आणि स्टीम ०.०३० ने. दोन समीकरणे सोडवली की हे बाहेर येते. एकट्याच्या दृष्टीने बरोबर असलेली दिशा दोघांच्या दृष्टीने चुकीची ठरते. थॉमस मॅकअ‍ॅव्हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली याचे माप मांडले, त्याला रिलेटिव्ह डिस्टर्बन्स गेन म्हणतात. इथे माथ्यासाठी ते उणे अर्धे येते, तळासाठी १.२. चिन्ह बाजूला ठेवून आकडा एकापेक्षा लहान असला, तर परस्परबाधा त्या टोकाला मदत करते. माथ्यापुरता निकाल स्पष्ट आहे.

म्हणून माझे मत असे: या कॉलमवर दोन्ही डीकपलर बसवू नयेत. एकच बसवावा, आणि तो `D21`, रिफ्लक्सकडून स्टीमकडे जाणारा. तळाला माथ्याच्या हालचालींपासून वाचवा, पण स्टीमला माथ्यावर तिचे उपयोगी काम करू द्या. असे केल्याने तळाच्या कंट्रोलरचा १९.४ चा पूर्ण गेन शाबूत राहतो. फक्त माथ्याचा ६.३७ होतो. दोन्ही दिशांचे चक्र एका जागी तुटल्यामुळे फेऱ्याही थांबतात. माथ्याचा माल इतका मोलाचा असेल की त्याच्या टक्केवारीतली दोन मिनिटांची उतरणसुद्धा परवडत नाही, तर निवड बदलेल. पण मग फीडसाठी वेगळी फीडफॉरवर्ड सोय करावी लागेल.

तळाला वाचवण्याचे आणखी एक कारण त्या १९.४ मध्येच दडले आहे. तळात फक्त अर्धा टक्का मिथेनॉल आहे. स्टीम ०.०२६ पौंडाने वाढवली, म्हणजे १.७१ च्या दीड टक्क्याने, की या समीकरणानुसार ते शून्यावर येते. त्यापुढे समीकरण ऋण मिथेनॉल सांगू लागते. खऱ्या मनोऱ्यात तसे होत नाही. मिथेनॉल कमी होत जाईल तसा गेन आटत जातो, आणि तळ एक टक्क्याकडे सरकला तर गेन वाढतो. म्हणजे १९.४ हा आकडा एका अरुंद जागेपुरताच खरा आहे. सिगुर्द स्कॉगेस्टाड यांच्यासारखे जाणकार अशा वेळी टक्केवारीऐवजी तिचा लॉगरिदम नियंत्रित करायला सांगतात. त्याने गेन बराच स्थिर राहतो.

इथे डीकपलरची एक गोष्ट मनाला फार पटते. `D21` मधला ०.३४० हा ६.६ आणि १९.४ यांचा भागाकार आहे, आणि दोन्ही आकडे तळाच्याच टक्केवारीबद्दलचे आहेत. तळाचा गेन दुप्पट झाला तर ढोबळमानाने दोन्ही दुप्पट होतात, आणि भागाकार तोच राहतो. मोजमापाची पट्टी ताणली वा आवळली, लॉग घेतला वा न घेतला, डीकपलरला फरक पडत नाही. कंट्रोलरला प्रत्येक वेळी नव्याने ट्यून करावे लागेल. डीकपलर मात्र रिफ्लक्स आणि स्टीम यांच्यातला विनिमय-दर जपतो, आणि तो दर त्या दोन्ही आकड्यांपेक्षा टिकाऊ असतो.

हे सगळे वुड-बेरींच्या कॉलमपुरते इतके सुरळीत का, तर परस्परबाधा मध्यम आहे. स्कॉगेस्टाड, मानफ्रेड मोरारी आणि जॉन डॉयल यांनी १९८८ साली अतिशुद्ध कॉलमचे एक मॉडेल मांडले: माथ्यावर ९९ टक्के, तळाला एक टक्का. त्यातले गेन असे आहेत: माथ्यावर ०.८७८ आणि उणे ०.८६४, तळाला १.०८२ आणि उणे १.०९६. रिफ्लक्स आणि स्टीम दोन्ही टोकांना जवळपास सारख्याच जोराने हलवतात. इथे प्रत्येक फेरीत ९७ टक्के परत येते आणि श्रेणीची बेरीज ३५ होते.

अशा मनोऱ्यावर `D12` ची उजळणी करू. तळाला हलवण्यासाठी स्टीम एकने वाढवायची आणि माथा शांत ठेवण्यासाठी रिफ्लक्स ०.९८४ ने. दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा होतात आणि तळावर उरतो उणे ०.०३१ एवढाच इष्ट परिणाम. आता स्टीमच्या व्हॉल्व्हने किंवा फ्लो मीटरने दहा टक्क्यांची चूक केली, एकच्या जागी १.१ दिले. तळावर परिणाम उणे ०.१४ होतो, म्हणजे हवा त्याच्या साडेचार पट. माथ्यावर, जिथे काहीच व्हायला नको होते, तिथे उणे ०.०८६ येतो, इष्ट परिणामाच्या पावणेतीन पट. दहा टक्के चूक कोणत्याही प्लँटमध्ये सहज होते. वुड-बेरींच्या कॉलमवर तेवढ्याच चुकीने माथ्यावर इष्ट परिणामाचा फक्त एक-पंचमांश भाग सांडतो. म्हणजे जिथे डीकपलर सर्वांत हवासा वाटतो, तिथेच तो सर्वांत धोकादायक असतो. श्रेणीची बेरीज मोठी असेल तिथे दुतर्फा डीकपलर बसवू नये, आणि रिफ्लक्स-स्टीमच्या जागी हातात धरायच्या गोष्टीच बदलता येतात का ते आधी पाहावे. ‘डिस्टिलेशन कंट्रोल’ या ग्रंथाचे लेखक फ्रान्सिस शिन्स्की यांनी डीकपलरपेक्षा या निवडीवर जोर दिला होता.

आपल्या कॉलमवर परत येऊ. `D21` बसवताना एक तपशील सोडू नये. डीकपलरला माथ्याच्या कंट्रोलरने मागितलेला रिफ्लक्स न देता फ्लो मीटरने मोजलेला रिफ्लक्स द्यावा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून अडकला, किंवा ऑपरेटरने माथा मॅन्युअलवर घेऊन हाताने रिफ्लक्स बदलला, तरी स्टीमला खरा बदल कळतो. मागणीवर चालणारा डीकपलर अडकलेल्या व्हॉल्व्हच्या वेळी न आलेल्या रिफ्लक्ससाठी स्टीम वाढवत बसतो, आणि तळ विनाकारण कोरडा पडत जातो.

मग तपासणी. माथा आणि तळ दोन्ही लूप मॅन्युअलवर घ्यावेत, डीकपलर चालू ठेवावा, आणि रिफ्लक्स ०.०२ पौंडाने वाढवावा. डीकपलर नसता तर तळ ०.१३ टक्क्याने वर गेला असता. तो असताना स्टीम सुमारे ०.००७ पौंडाने वाढायला हवी आणि तळाची रेघ सपाट राहायला हवी. अर्धा-पाऊण तास वाट पाहून रेघ वर स्थिरावली असेल तर ०.३४ कमी पडतो आहे. खाली स्थिरावली असेल तर तो जास्त आहे. शेवटी ती मूळ जागी आली, पण आधी खाली बुडून मग सावरली, तर स्टीम लवकर पोचते आहे आणि चार मिनिटांचे थांबणे वाढवायला हवे. आधी वर उठून मग सावरली, तर स्टीमला उशीर होतो आहे. कोणता आकडा चुकला ते रेघेच्या आकारावरून कळते, आणि एका वेळी एकच आकडा बदलून तीच पायरी पुन्हा द्यायची.